चष्मा काढला की हसायचं

मला या धंद्यात सगळे कात्री म्हणतात. लोकांना वाटतं, माझी जीभ तशी आहे म्हणून. जीभ तशी आहेच, पण नाव पडलं ते वेगळ्या कारणानं. मी लिहिते त्यापेक्षा कापते जास्त.

मी रोस्ट लिहून देते. ज्याचं कौतुक करायचं त्याला स्टेजच्या मधोमध खुर्चीत बसवायचं, त्याच्या जवळच्या माणसांनी एकेक करून माइकवर यायचं आणि त्याची यथेच्छ टिंगल करायची. शेवटी माइक त्याच्या हातात, सगळ्यांची परतफेड करायला. बघणाऱ्याला वाटतं, काय सोपं काम आहे, तोंडाला येईल ते बोलायचं! तोंडाला येईल ते बोलणाऱ्यांचे कार्यक्रम मी पाहिलेत. टाळ्या भरपूर पडतात, आणि घरी जाताना गाडीत नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत.

माझी कसोटी साधी आहे. हा माणूस उद्या सकाळी उठला आणि त्यानं ठरवलं, तर ही गोष्ट बदलेल का? बदलत असेल तर ती माझी. त्याचा स्वेटर, त्याची खटारा गाडी, त्याचं उशिरा येणं, फुकटचे सल्ले देणं, हॉटेलात मेनू वाचत बसणं. बदलत नसेल तर हात लावायचा नाही. उंची, टक्कल, तोतरेपणा, आजार, जात, मोडलेलं लग्न, न झालेलं मूल, गेलेलं माणूस. टकलावरून लोक माझ्याशी हुज्जत घालतात. ‘अहो, तो स्वतःच हसतो त्यावर!’ हसू दे की. त्याचं टक्कल आहे, त्यानं हसावं. तुम्ही आपल्या स्वेटरचं बघा.

यावर आणखी दोन नेम मी पाळते. ज्याचा रोस्ट आहे त्याला आधी एकटं गाठून विचारायचं, कशाला हात लावायचा नाही. आणि सगळं लिहून झालं की त्याच्या घरच्या एका माणसाला ते वाचून दाखवायचं. वाचताना ऐकणाऱ्याचा चेहरा पडला, की ती ओळ तिथल्या तिथे कापायची. का पडला हे विचारायचं नाही. विचारलं की त्याला सांगावं लागतं, आणि मग ते माझ्याकडे मुक्कामाला येतं.

दादांचं तसंच झालं.

दादा म्हणजे एका डबिंग स्टुडिओचे मुख्य रेकॉर्डिस्ट. परदेशी सिनेमे आणि मालिका आपल्या भाषेत बोलतात ना, ते आवाज तिथे भरले जातात. काचेच्या एका बाजूला बंद खोलीत माइकसमोर कलाकार, दुसऱ्या बाजूला यंत्रासमोर दादा. सगळी उमर त्या खुर्चीत गेलेली. मालकीणबाईंनी आता दुसरा, मोठा स्टुडिओ बांधला होता आणि तो दादांच्या हवाली करायचा होता. त्यासाठी एका संध्याकाळी जाहीर समारंभ, किल्ली वगैरे.

“भाषणं नकोत,” मालकीणबाई मला म्हणाल्या. “भाषणांनी आमचे लोक झोपतात. तुम्ही दादांची मस्त खेचा. मला सगळे हसलेले हवेत.”

दादांना मी त्यांच्या खोलीतच भेटले. खोली गारठलेली, भिंतींना कापसाची गादी ठोकल्यासारखं अस्तर, आणि दादांच्या अंगात तपकिरी स्वेटर, कोपरांवर विरलेला. मला त्यांनी खुर्ची ओढून दिली ती नेमकी दिव्याखाली. मी सरकू लागले तर म्हणाले, “तिथेच बस, बरी दिसतेस.” मी मनात म्हटलं, म्हातारा रंगेल आहे. चांगलं आहे, एक ओळ मिळाली.

“कशाला हात लावायचा नाही?” मी विचारलं.

यंत्रावरची बटणं बघत ते म्हणाले, “माझा मुलगा.”

मुलगा ऐन पंचविशीत तापाच्या दुखण्यात गेला होता. लहानपणी शाळा सुटली की तो याच खोलीत दप्तर टाकायचा, हे मला नंतर इतरांकडून कळलं. दादांनी त्यातलं काहीच सांगितलं नाही.

“त्याचं नाव नको. आठवण नको. थट्टेत तर नकोच, पण गंभीर होऊनही नको. त्या स्टेजवर तो येता कामा नये. बाकी सगळं तुझं.”

“बाकी सगळं?”

“बघू,” ते म्हणाले. मला वाटलं, म्हणजे हो.

मग मी स्टुडिओतल्या लोकांकडून माल गोळा केला. त्यातला सगळ्यात बोलका होता हिरो. आयुष्यभर पडद्यावरच्या नायकांना आवाज दिला म्हणून हिरो, एरवी पोट सुटलेला, चष्मेवाला, भाबडा माणूस. त्यानं एका बैठकीत मला अर्धा रोस्ट दिला. दादांचा स्वेटर. दादांचा चहा, जो रोज यंत्राशेजारी गार होतो आणि तसाच परत जातो. दादांनी काढलेले फोटो, ज्यांत प्रत्येक वेळी त्यांचा अंगठा आलेला असतो. आणि मुख्य म्हणजे ‘एकदा परत’.

“कितीही चांगलं बोला,” हिरो म्हणाला, “काचेपलीकडून दादांचं ठरलेलं. एकदा परत! माणूस बेशुद्ध पडेपर्यंत एकदा परत. आणि काही विचारलं की, बघू. अहो, मी त्यांना सांगितलं माझी मुलगी पहिली आली, तर म्हणाले, बघू!”

आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

“पण परिपूर्ण काम हवं असतं त्यांना,” हिरो पुढे म्हणाला. “काचेतून तुमच्या ओठांवर नजर रोखून बसतात. स्पीकरवर हात ठेवून ऐकतात. अलीकडे मात्र त्यांनी रेकॉर्ड केलेला आवाज जरा टोचतो हं. स आणि श असे सुरीसारखे येतात. वय झालं की आवड बदलते माणसाची.”

चिमणीही तिथेच भेटली. लहान मुलांचे आवाज काढणारी नवी मुलगी, म्हणून चिमणी. ती स्टुडिओत सामान न्यायला आली होती. तिला काढलं होतं. दादांनी शेरा दिला होता, उच्चार अस्पष्ट.

“मी घरी आईला वाचून दाखवते, शेजारच्या आजींना दाखवते,” ती मला म्हणाली. “सगळ्यांना कळतं. त्यांनाच कसं कळत नाही? आता मी कुठेही गेले की आधी तेच विचारतात, तिथून का काढलं?” तिचा आवाज बारीक होता, काचेवर नख टेकवल्यासारखा. पण शब्द न् शब्द लख्ख. मला तिचं वाईट वाटलं, आणि दादांचा रागही आला. तरी तो माझा विषय नव्हता. मी सगळं ‘सवयी’ या ढिगात टाकलं. सवयी म्हणजे बिनधोक.

दादांच्या घरी वहिनींना वाचून दाखवायला गेले तेव्हा दादा मुद्दाम बाहेर गेले होते. वहिनी म्हणजे त्यांची बायको. हसऱ्या, बडबड्या, पहिल्या ओळीपासून माझ्या बाजूच्या. स्वेटरच्या ओळीवर त्या हसल्या: “आग लागली तर आधी काय वाचवायचं याची पाटी स्टुडिओत लावलीय. पहिला नंबर स्वेटर, दुसरा दादा.” अंगठ्याच्या ओळीवर तर त्यांनी टाळीच दिली: “घरच्या प्रत्येक फोटोत एक माणूस न चुकता हजर असतो, दादांचा अंगठा. एका पाहुण्यानं अल्बम बघताना आधी अंगठ्याला नमस्कार केला.”

मग मी माझं हुकमी पान काढलं. “दादांनी वहिनींना मागणी घातली. वहिनी लाजत लाजत म्हणाल्या, हो. दादा म्हणाले, एकदा परत.”

वहिनींचा चेहरा पडला. पडला म्हणजे असा, की हसू ओठांवर राहिलं आणि डोळ्यांतून गेलं.

मी पेन काढून ओळ कापली. पुढची ‘बघू’ची ओळ वाचली. तीही गेली. ओठांवर नजर रोखण्याची गेली. स्पीकरवर हात ठेवण्याची गेली. मी नेमाप्रमाणे एक अक्षर विचारलं नाही. वहिनींनी मला पाणी दिलं.

रस्त्यात मात्र माझं डोकं चालू झालं. कापलेल्या ओळी एकापाठोपाठ एक मनात म्हटल्या आणि मी चालता चालता थांबले. दिव्याखालची ती खुर्ची. ‘बरी दिसतेस.’ रंगेल कसला डोंबलाचा! माझे ओठ दिसावेत म्हणून बसवलं होतं मला तिथे.

त्यात धंद्याची म्हणून एक वेगळीच अडचण होती. एखाद्या माणसाची सगळ्यांत गाजलेली सवय रोस्टमध्ये आलीच नाही, तर लोकांना ते लगेच कळतं. सगळ्या स्टुडिओला माहीत असलेलं ‘एकदा परत’ मी गाळलं, तर घरी जाताना प्रत्येक जण म्हणणार, अरे, ते कसं नाही आलं? आणि एकदा लोक विचारू लागले की उत्तरापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. ठेवावं तर वर्मावर बोट. गाळावं तर बोट दाखवून ‘इथे वर्म आहे’ म्हटल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाच माझ्याकडे आले. वहिनींनी सांगितलं असणार. ते बसले, आणि मी आपणहून दिव्याखाली, त्यांच्या समोर बसले. त्यांनी ते बघितलं. दोघांनाही कळलं.

“आवाज येतो,” ते म्हणाले. “बहिरा नाही झालो. आवाज येतो, शब्द येत नाहीत. बारीक आवाज तर अगदीच नाही. स, श, फ, सगळं गेलंय. हेडफोनमध्ये मोठ्यानं लावून, ओठ बघून भागवतो. पण गर्दीत, हॉलमध्ये, लोक हसायला लागले की सगळा गलका होतो. काहीच कळत नाही.”

“कोणाला माहीत आहे?”

“हिला. डॉक्टरला. आता तुला.”

“यंत्र लावा की कानाला.”

“मी?” ते हसले. “कानाला यंत्र लावलेला रेकॉर्डिस्ट? नवा स्टुडिओ राहू दे, जुन्या खुर्चीतूनही उठवतील. आणि खुर्ची गेली तर मी कोण? घरी बसून काय करू? त्या घरात शांतता फार आहे.”

त्यांच्या मुलाबद्दल मला माहीत होतं. तरी माझा राग काही गप्प बसेना.

“आणि चिमणी?” मी विचारलं.

त्यांनी माझ्या ओठांवरची नजर काढून घेतली. ऐकायचं नसलं की त्यांना एवढंच करावं लागत होतं. मी टेबलावर हात आपटला. त्यांनी वर पाहिलं.

“तिचा उच्चार लख्ख आहे, दादा. तुमच्यामुळे तिला कोणी काम देत नाही. कान गेले हे तुमच्या हातात नव्हतं, मान्य. त्यावर मी मेले तरी लिहिणार नाही. पण लपवणं तुमच्या हातात आहे. ते तुम्ही उद्या सकाळी बदलू शकता.”

“बदलेन,” ते म्हणाले. “नव्या स्टुडिओत एकदा स्थिरावलो की सांगेन मालकीणबाईंना. तिलाही बोलावून घेईन. शब्द देतो. पण हे त्या संध्याकाळी नको. तू तर सांगणार नाहीस ना?”

मी नाही म्हटलं. का म्हटलं, याचं उत्तर मी अजून शोधतेय. माणसाला चारचौघांत उघडं पाडायला मी या धंद्यात आले नाही, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. चिमणी डोक्यात होती, पण मागच्या रांगेत.

मग आम्ही दोघं कामाला लागलो. ‘एकदा परत’ ठेवायचं ठरलं, पण त्याचा अर्थ फिरवून. त्याला आवडीचा दोष करायचा: हा माणूस कशावरच समाधानी नाही, देवानं मनुष्यजन्म दिला तेव्हाही म्हणाला असेल, एकदा परत. मागणीची ओळ मी बाजूला काढली होती. दादांनी ती कागदावर वाचली आणि मोठ्यानं हसले.

“ही ठेव. चांगली आहे.” मग हळू म्हणाले, “खरं तर तेव्हा मला स्पष्ट ऐकू आलं होतं.”

मी धंद्याचा एक नेमही मोडला. ज्याचा रोस्ट आहे त्याला आधी काही दाखवायचं नसतं, त्याच्या चेहऱ्यावरचं खरं आश्चर्य हीच अर्धी गंमत. पण दादांना मी सगळ्यांचे कागद पाठ करायला दिले. तरीही नेमकं हसायचं कधी, हा प्रश्न उरलाच. बोलणारा त्यांच्या बाजूला उभा असणार, ओठ दिसणार नाहीत, डोळ्यांवर दिवे. तेव्हा ठरलं, मी स्टेजच्या पायऱ्यांशी, त्यांना सरळ दिसेन अशी उभी राहणार. विनोद संपला की मी चष्मा काढणार. चष्मा काढला की हसायचं.

माझ्या घरच्या हॉलमध्ये आम्ही तालीम केली. मी पाठ करून बोलायची, वळून चष्मा काढायची, आणि दादा हसायचे. फार सुंदर हसायचे. मान मागे टाकून, गुडघ्यावर थाप मारून.

सगळ्या बोलणाऱ्यांचे कागद मी तपासले. सगळ्यांना बजावलं, दादांच्या मुलाचा उल्लेख नाही, एका शब्दानंही नाही. फक्त मालकीणबाई कागद देईनात.

“अहो, मी कुठे थट्टा करणार आहे! मी किल्ली देताना दोन शब्द चांगले बोलणार. कौतुकाला कसली कात्री?”

मी बजावलं त्यांनाही. त्या “हो हो” म्हणाल्या, फोन वाजला म्हणून उठल्या. आणि मी ते तिथेच सोडलं. आयुष्यभर मी विनोदांना घाबरत आले. कौतुकालाही तेवढंच घाबरावं, हे मला सुचलं नाही.

समारंभाला हॉल भरला होता. पहिल्या रांगेत वहिनी, ठेवणीतल्या साडीत, हातातला रुमाल पिळत. शेवटच्या रांगेत दाराजवळ मला चिमणी दिसली. हिरोनं तिला आणलं होतं, गर्दीत ओळखी होतील म्हणून.

रोस्ट मात्र झकास झाला. खोटं कशाला सांगू, मी लिहिलेल्यातला तो सगळ्यांत चांगला होता. स्वेटरवर लोक हसले, गार चहावर हसले. अंगठ्याच्या वेळी पडद्यावर खरेच फोटो दाखवले, तेव्हा हॉल हसून लोटपोट झाला. प्रत्येक ओळीला मी चष्मा काढत होते, घालत होते, आणि खुर्चीत दादा मान मागे टाकून हसत होते. हिरोनं ‘एकदा परत’ घेतलं. मागणीची ओळ आली. मी चष्मा काढला. दादा हसले, आणि हसता हसता त्यांनी वहिनींकडे बोट केलं. वहिनीही हसल्या. मला वाटलं, सुटलो. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा माझे खांदे खाली आले.

मग मालकीणबाई किल्ली घेऊन स्टेजवर गेल्या.

सुरुवात ठीक होती. दादांचे कष्ट, दादांची शिस्त. मी चष्मा घालून, हात मागे बांधून उभी होते. दादा समोर माझ्याकडे बघत होते, चेहऱ्यावर ते तयार, सभ्य हसू. मग मालकीणबाईंचा आवाज ओला झाला.

“आज इथे एक माणूस हवा होता,” त्या म्हणाल्या. “मला माहीत आहे, हे बोलायचं नाही असं ठरलंय. पण मी बोलणार.” आणि त्यांनी त्या मुलाचं नाव घेतलं. “शाळेचं दप्तर टाकून तो त्या यंत्राखाली झोपायचा. गेला त्या आठवड्यातही तो मला म्हणाला होता, बाबांना सांगा, मला पण हेच काम शिकायचंय. हा नवा स्टुडिओ खरं तर त्याचा. तो आज असता तर...”

त्यांना पुढे बोलवेना. वहिनींनी रुमाल तोंडावर दाबला.

आणि माझे डोळे भरून आले. मी काय केलं ते मला कळलंही नाही. डोळे पुसायला प्रत्येक चष्मेवालं माणूस जे करतं, तेच मी केलं.

दादा हसले.

मान मागे टाकून, गुडघ्यावर थाप मारून, खळखळून हसले. त्या शांततेत त्यांचं हसू हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत गेलं. संध्याकाळभरातलं सगळ्यांत मोठं हसू होतं ते, कारण शेवटचा विनोद सगळ्यांत मोठा असणार असं त्यांनी धरलं होतं.

मी चष्मा घातला, हात हलवले, मान हलवली, नाही, नाही. त्यांचं हसू हळूहळू विझत गेलं. त्यांनी लोकांकडे पाहिलं. लोक त्यांच्याकडे बघत होते तसं मी कोणाकडे बघितलेलं नाही, आणि कोणी माझ्याकडे तसं बघू नये. हिरो तोंड उघडं टाकून उभा होता. मालकीणबाई किल्ली धरलेला हात तसाच पुढे करून थिजल्या होत्या. तिसऱ्या रांगेतून कोणीतरी स्पष्ट म्हणालं, “बाप आहे का कोण आहे हा?” तेवढं तरी दादांना ऐकू आलं नाही.

मग त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी उठून उभ्या राहिल्या, आणि सगळ्या हॉलसमोर, आवाज न काढता, फक्त ओठांनी त्यांनी मुलाचं नाव उच्चारलं. सावकाश. एकदा, आणि परत एकदा.

दादांचा चेहरा मला सांगता येणार नाही. मी तो बघू नये म्हणून खाली पाहिलं, आणि लगेच वर पाहिलं, कारण त्यांना बघायला माझ्याशिवाय कोण होतं?

ते उठले. त्यांच्याकडे तेव्हा दोन वाटा होत्या, हे मला तिथे उभ्या उभ्या दिसत होतं. म्हणता आलं असतं, दुःखानं हसू फुटलं, माफ करा. लोकांनी ऐकलं असतं, काहींनी डोळेही पुसले असते. किल्ली हातात पडली असती. दादांनाही ते दिसलं असणार. ते माइकसमोर आले.

“मला ऐकू येत नाही,” ते म्हणाले. “बरेच दिवस झाले. बाई काय बोलल्या ते मला कळलं नाही. विनोद आहे असं वाटलं म्हणून हसलो. माझ्या मुलाच्या नावावर त्याचा बाप हसला, असं इथून कोणी घरी घेऊन जाऊ नका. बाकी काय न्यायचं ते न्या.”

हॉलमध्ये गलका झाला. मालकीणबाईंनी किल्लीचा हात खाली घेतला. मुद्दाम नसेल, पण घेतला. दादांनी तो बघितला.

मला वाटलं, झालं, आता ते बसतील. ते बसले नाहीत. डोळ्यांवर हात आडवा धरून त्यांनी दिव्यांपलीकडे रांगा शोधल्या.

“ती आलीय का? बारीक आवाजाची मुलगी. चिमणी.”

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. चिमणी दाराजवळ उभी राहिली.

“तुझं स्पष्ट होतं,” दादा म्हणाले. “मलाच येत नव्हतं. मी ते लिहून देईन, हवं त्याला. उद्या सकाळी देईन.”

चिमणी काहीतरी बोलली. तिच्या त्या बारीक आवाजात, मागच्या दारातून. मी ऐकलं. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांनी ऐकलं, इतकं ते लख्ख होतं. ती म्हणाली, “मी घरी ओरडून ओरडून बोलायला लागले होते, दादा. आईशीसुद्धा.”

दादांना तिचे ओठ दिसण्यासारखे नव्हते. ते थोडे पुढे वाकले, हात कानामागे नेला, आणि मग सवयीनं माझ्याकडे बघितलं, ती काय म्हणाली ते विचारायला. मी पायऱ्यांशी चष्मा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होते. आमच्याकडे खूण एकच होती, हसायची.